गेटवर केबिन बॅग खाली टाकायला घेतली, आतल्या बॅटरीचं काय करायचं?

रानवारा

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात प्रवासात जे घडलं ते आधी सांगते, मग प्रश्न विचारते.

माझ्याकडे केबिनच्या मापाची चाकांची बॅग आहे. वर हँडलपाशी यूएसबीचं पोर्ट, आत बॅटरी. घेताना सांगितलं होतं की "बॅटरी काढता येते, विमानात चालते." मी ही बॅग कायम सोबत केबिनमध्येच नेते, त्यामुळे दोन वर्षांत बॅटरी एकदाही काढली नव्हती. चेक-इनला द्यायची असेल तर काढायची, एवढंच डोक्यात होतं.

यावेळी विमान भरलेलं होतं. बोर्डिंग सुरू झालं आणि गेटवरच्या मुलीनं चाकांच्या बॅगा बाजूला घ्यायला सुरुवात केली, वरच्या कप्प्यांत जागा नाही म्हणून. माझ्या बॅगेला टॅग लावता लावता तिला पोर्ट दिसलं. "आत बॅटरी आहे? मग ती काढून तुमच्याजवळ ठेवा, नाहीतर बॅग जाणार नाही."

मी तिथेच जमिनीवर बसून बॅग उघडली. बॅटरी हँडलच्या दोन नळ्यांमधल्या पोकळीत आहे, अस्तराच्या आड. अस्तराची चेन उघडायला आधी त्या बाजूचे सगळे कपडे बाहेर काढावे लागले. चेनच्या आत प्लॅस्टिकचं झाकण, आणि झाकणाला दोन बारीक स्क्रू. नाणं बसेना, किल्ली बसेना. शेवटी नेलफाइलच्या टोकानं एक स्क्रू निघाला. दुसरा फिरतच राहिला, म्हणून नेलफाइल झाकणाखाली घालून ते उचकटलं आणि त्याचा एक कान तुटला. मग बॅटरीच्या वायरचं छोटं पांढरं कनेक्टर, तेही ओढून ओढून सुटलं. मागे रांग उभी, माझे कपडे लोकांच्या पायाशी. बॅटरी जॅकेटच्या खिशात टाकली आणि विमानात शिरणारी मी शेवटून दुसरी होते.

माझे प्रश्न:
बॅग मी चेक-इनला दिलीच नव्हती, मग हा नियम मला का लागला? नुसती वायर सोडवून चाललं नसतं का? आणि पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून बॅगेत नेमकं काय बघायचं?

---

अर्धविराम

वाचूनच घाम फुटला. पण मला वाटतं तुम्हाला उगाच त्रास दिला. नियम १०० वॉट-अवरचा आहे, त्याच्या आतली बॅटरी चालते. लॅपटॉप चेक-इनच्या बॅगेत टाकलेला चालतोच ना, बंद करून? मग बॅगेत बसवलेली बॅटरीही उपकरणातच आहे, सुटी नाही. तुमच्या बॅटरीवर काय लिहिलंय? समजा १०,००० एमएएच असेल, तर यूएसबीचे ५ व्होल्ट धरून ५० वॉट-अवर. मर्यादेच्या निम्मी. तुम्ही ठामपणे सांगायला हवं होतं.

---

माऊची_आई

मी बॅग हरवू नये म्हणून आत तो गोल ट्रॅकर टाकते. त्यातही बॅटरी असतेच की. तोही काढून हातात ठेवायचा का? मग बॅग शोधणार कशी? पुढच्या महिन्यात जायचंय, लवकर सांगा कुणीतरी.

---

कार्गोकाका

बरीच वर्षं विमानतळावर बॅगा आणि धोकादायक माल या कामात होतो, म्हणून लिहितो.

रानवारा, त्या मुलीनं जे केलं ते बरोबर होतं. विमानाच्या दृष्टीनं बॅग तुम्ही काउंटरवर दिली की गेटवर, याला अर्थ नसतो. अर्थ एकाच गोष्टीला असतो, ती पोटात जाणार की माणसांसोबत. टॅग लागला त्या क्षणी ती चेक-इनची बॅग झाली.

अर्धविराम, तुमच्या म्हणण्यात थोडी गल्लत आहे. १०० वॉट-अवरची मर्यादा खरी आहे, पण ती केबिनमध्ये काय नेता येतं त्याची. लॅपटॉप पूर्ण बंद करून खाली टाकता येतो हेही खरं, जरी तो सोबत नेणंच बरं. पण बॅटरी बसवलेल्या बॅगेसाठी नियमांत वेगळी ओळ आहे. बॅग पोटात जाणार असेल तर बॅटरी काढायची आणि काढलेली बॅटरी केबिनमध्ये न्यायची. बॅटरी निघतच नसेल तर लिथियम-आयनची मर्यादा १०० नाही, २.७ वॉट-अवर आहे. त्याहून मोठी न निघणारी बॅटरी असेल तर ती बॅग वरही नाही आणि खालीही नाही.

२.७ म्हणजे किती लहान ते बघा. एका सेलचे ३.७ व्होल्ट धरले तर साधारण ७३० एमएएच. कुलूप, वजनकाटा यांची बॅटरी त्यात बसेल. फोन चार्ज करणारी कुठलीच बसणार नाही.

आणि हिशोब ५ व्होल्टनं करायचा नसतो. ५ व्होल्ट पोर्टवर मिळतात, बॅटरीतला सेल ३.७ चा असतो. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर. इथे तुमची चूक सुरक्षित बाजूला झाली, पण २०,००० एमएएचवाल्याला तुम्ही १०० सांगाल आणि तो ७४ ची बॅटरी घरी ठेवून जाईल.

माऊची आई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण घाबरू नका. त्या ट्रॅकरमध्ये बहुधा नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी असते. ती चार्ज होणारी नाही, तिच्यातलं लिथियम साधारण ०.१ ग्रॅम, आणि मर्यादा ०.३ ग्रॅमची आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये लुफ्तान्सानं असे ट्रॅकर चालणार नाहीत असं सांगितल्यानं गोंधळ झाला होता, पण काही दिवसांतच त्यांनी चालतात असं स्पष्ट केलं. ट्रॅकर बॅगेतच राहू द्या.

---

माऊची_आई

जीव भांड्यात पडला काका. धन्यवाद.

---

अर्धविराम

५ आणि ३.७ ची चूक मान्य. पण तर्क अजून पटत नाही. लॅपटॉपची बॅटरी ५०-६० वॉट-अवरची, ती खाली चालते. बॅगेची ३७ ची चालत नाही. आग लागायची तर दोन्हीला लागेल.

---

कार्गोकाका

लागू शकते, आणि म्हणूनच लॅपटॉपही वरच न्या असं सांगतात. शंका रास्त आहे, नियम सगळीकडे एका मापाचा नाही. पण बॅगेतल्या बॅटरीचं काम दुसऱ्या वस्तूला वीज देणं हे आहे. म्हणजे ती पॉवर बँकच झाली, फक्त अस्तराच्या आड शिवलेली. पॉवर बँक सुटी बॅटरी धरली जाते आणि सुटी बॅटरी पोटात कधीच जात नाही.

आता पोटात आग लागली तर काय होतं ते सांगतो. मालाच्या कप्प्यात हॅलॉन वायू सोडायची सोय असते. कपडे, पुठ्ठा यांची आग तो आवरतो. लिथियम सेल मात्र एकदा आतून तापत सुटला की त्याची उष्णता त्याच्या स्वतःच्या रसायनांतून येते. बाहेरची ज्वाळा दबली तरी शेजारचा सेल तापतच राहतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफएएनं चाचण्या केल्या. बॅगेत पूर्ण चार्ज केलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीला मुद्दाम हीटरनं तापवलं, शेजारी ड्राय शाम्पूचा स्प्रे ठेवला. डबा ४० सेकंदांच्या आत फुटला. इतक्या वेगात हॅलॉन आपलं काम करूच शकत नाही. आणि असे स्प्रे प्रवाशांच्या बॅगेत सर्रास असतात.

केबिनमध्ये हेच झालं तर धूर दिसतो, वास येतो, क्रू धावत येऊन पाणी ओततो आणि ओततच राहतो. धोका तोच असतो, पण तिथे माणसाचा हात पोचतो.

---

स्वच्छंदी

माझ्याकडे बसून चालवायची बॅग आहे, मोटरवाली. मुलगा हट्टानं त्यावर बसून सगळ्या टर्मिनलभर फिरतो. तिची बॅटरी मात्र झकास आहे, बटण दाबलं की कॅसेटसारखी बाहेर येते, स्क्रू वगैरे काही नाही. दोन वेळा नेली, काहीच अडचण आली नाही. तिसऱ्या वेळी काउंटरवर म्हणाले की ही बॅग नाही, हे वाहन आहे. बॅटरी काढून दाखवली तरी ऐकेनात. मग नियम नक्की काय?

---

कार्गोकाका

याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. बॅटरी निघते आणि १०० च्या आत आहे, एवढ्यावर काही कंपन्या तिला बॅग धरतात. काही कंपन्या मोटर आणि चाकं बघून तिला स्कूटरच्या रांगेत बसवतात आणि मग बॅटरी किती लहान आहे याला महत्त्व उरत नाही. मूळ नियमाच्या वर प्रत्येक कंपनी स्वतःचा कडक नियम लावू शकते. तुमच्यासारख्या बॅगेसाठी तिकिटावरच्या कंपनीकडून लेखी उत्तर घ्या आणि प्रवासात वेगळ्या कंपनीचं विमान मध्ये असेल तर तिच्याकडूनही.

---

निशाचर

रानवाराताई, माझी बॅग बहुधा तुमच्याच जातीची. मी निघायच्या आधी बॅटरी काढून वेगळी ठेवली होती, म्हणजे नियमाचं सगळं केलं होतं. पोचल्यावर वेगळाच घोळ. बॅगेचं बोटाच्या ठशाचं कुलूप त्याच बॅटरीवर चालतं! चेन त्यात अडकवताना खट्कन बसली होती, उघडायला मात्र वीज लागते. बॅटरी माझ्या हातात, आणि ती लावायची जागा कुलूपबंद बॅगेच्या आत. मी पट्ट्याशेजारी उभा, बोट दाबतोय आणि काहीच होत नाही.

कुलुपाच्या बुडाशी रबरी टोपणाखाली एक छोटं पोर्ट निघालं. पॉवर बँकेची केबल तिथे लावली, हिरवा दिवा लागला, कुलूप उघडलं. तेव्हापासून बॅटरी काढल्यावर कुलूप चालतं का ते घरीच बघतो.

---

रानवारा

निशाचर, हे वाचून लगेच उठून बघितलं. माझं कुलूप आकड्यांचं आहे, सुटले.

कार्गोकाका, खूप आभार. पण दुसरा प्रश्न राहिला. त्या गडबडीत मी आधी नुसती वायर सोडवून दाखवली होती, ती नको म्हणाली.

---

कार्गोकाका

बरोबरच म्हणाली. बटण बंद करणं, वायर सोडणं यानं बॅटरी निष्क्रिय होत नाही. सेलमधला दोष, किंवा वरून दुसरी जड बॅग पडून बसलेला दाब, या गोष्टींना वायरशी देणंघेणं नसतं. काढणं म्हणजे बॅटरी बॅगेबाहेर, तुमच्या हातात.

ही सगळी कडक अंमलबजावणी कुठून सुरू झाली तेही सांगतो. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकन, डेल्टा आणि अलास्का या विमान कंपन्यांनी जाहीर केलं की १५ जानेवारी २०१८ पासून न निघणाऱ्या बॅटरीच्या बॅगा घेणार नाही. इतरही कंपन्या त्या मार्गानं गेल्या. तेव्हा ब्लूस्मार्ट नावाची कंपनी अशा बॅगांसाठी प्रसिद्ध होती, पण तिच्या बॅगेतली बॅटरी प्रवाशाला सहज काढता येत नव्हती. मे २०१८ मध्ये तिनं धंदा बंद केला. तेव्हापासून बाकीचे बॅगेवर "बॅटरी निघते" असं ठळक लिहू लागले. पण कशी निघते, हे लिहीत नाहीत. तुमच्या बॅगेचे दोन स्क्रू तिथेच लपले होते.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की बॅग घरी पूर्ण भरा, प्रवासाला निघताना असते तशी. मग घड्याळ लावून बॅटरी काढा. हत्याराशिवाय निघते का, आणि कपडे न उपसता निघते का, एवढंच बघा. स्क्रू ड्रायव्हर सोबत ठेवू म्हणाल तर तो सुरक्षा तपासणीत अडकू शकतो.

आणि एक गोष्ट मघाशी वाचताना खटकली. बॅटरी जॅकेटच्या खिशात टाकली म्हणता. त्या खिशात किल्ल्या होत्या का?

---

रानवारा

होत्या. आणि नाणंही, ज्यानं स्क्रू काढायचा प्रयत्न केला तेच.

---

कार्गोकाका

हे पुन्हा करू नका. काढलेली बॅटरी म्हणजे सुटी बॅटरी, आणि सुट्या बॅटरीची टोकं झाकलेली पाहिजेत. किल्ली दोन टोकांना एकदम टेकली तर शॉर्ट होऊन खिशातच तापते. कनेक्टरच्या तोंडावर चिकटपट्टी लावा, मग छोट्या कापडी किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत एकटीच ठेवा. स्वच्छंदींच्या कॅसेटला कडक कवच आहे, टोकं आत खोल आहेत. तुमची बहुधा पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली असेल. तिला जास्त जपावं लागतं.

---

निशाचर

काका, एक शंका. बॅग केबिनमध्येच राहिली तर बॅटरी आत ठेवलेली चालते ना? मला एका प्रवासात सुरक्षा तपासणीत काही बोलले नाहीत, परतीला मात्र विमानात चढताना काढायला लावली. बॅग डोक्यावरच्या कप्प्यातच गेली तरी.

---

अर्धविराम

चालते. काढता येण्यासारखी असली पाहिजे, काढलेलीच हवी असं नाही. यावेळी खात्रीनं सांगतो, मी काल वाचत बसलो होतो.

---

कार्गोकाका

मूळ नियम अर्धविराम म्हणतात तसाच आहे. पण निशाचरना जे सांगितलं तेही चूक म्हणता येणार नाही. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या उभ्या विमानात वरच्या कप्प्यात आग लागली आणि संशय पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर १ मार्च २०२५ पासून तिथल्या विमानांत पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई झाली, ती जवळच ठेवायची. बॅगेत बसवलेली बॅटरी वरच्या कप्प्यात गेली तर ती याच चौकटीत येते की नाही, यावर दोन कर्मचारी दोन उत्तरं देतील. मी स्वतः काढून समोरच्या सीटच्या खिशात ठेवतो. आणखी कुणाला काय सांगितलं गेलं ते इथे लिहा, मलाही हवंय.

---

स्वच्छंदी

मला वरच्या कप्प्यात ठेवताना कधीच कुणी विचारलं नाही. पण माझी बॅग त्या कप्प्यात मावते हेच त्यांना आश्चर्य वाटायचं.

---

रानवारा

काल रात्री काकांनी सांगितलं तसं केलं. बॅग पूर्ण भरली, नवऱ्यानं घड्याळ लावलं. एक स्क्रू आता नाहीच, झाकण एकाच कानावर आहे, तरी पहिल्यांदा चार मिनिटं लागली. वेळ खाल्ला कपड्यांनी. मग त्या बाजूचे सगळे कपडे एकाच चौकोनी कापडी पाकिटात भरले, पाकीट उचललं की चेन समोर. झाकणाचा दुसरा स्क्रूही काढून टाकला आणि त्याजागी चिकटणारी पट्टी लावली. आता पन्नास सेकंद.

बॅटरीवरचा छापील मजकूर पोकळीच्या भिंतीकडे तोंड करून होता, म्हणून आजवर दिसला नव्हता. ३.७ व्होल्ट, ९,६०० एमएएच, ३५.५२ वॉट-अवर.

पण काढून उजेडात धरली तेव्हा एक गोष्ट दिसली. काका म्हणाले तशी ती पातळ निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आहे, आणि एका कोपऱ्याला बारीक खड्डा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. प्लॅस्टिक फाटलेलं नाही. नेलफाइलनं झाकण उचकटलं त्याच बाजूला आहे. चार्ज नीट होते, गरमही होत नाही. चालेल ना?

---

कार्गोकाका

नाही, रानवारा. ही बॅटरी विमानात नेऊ नका, वरही नाही आणि खालीही नाही. मार लागलेली, चेपलेली, फुगलेली बॅटरी कुठेच चालत नाही, तिथे वॉट-अवरचा हिशोब लागूच होत नाही. पिशवीसारखा मऊ सेल असतो तेव्हा आतले थर कागदासारखे पातळ असतात. खड्ड्याखाली दोन थर एकमेकांच्या जवळ आले असतील तर ते आज कळणार नाही. महिन्यानं चार्ज करताना कळेल. चार्ज नीट होते यावरून काही सिद्ध होत नाही.

आता ती चार्ज करू नका. बॅगेतून काढून ठेवा, टोकांना चिकटपट्टी, कपड्यांपासून दूर, उघड्या फरशीवर. आणि जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या केंद्रात द्या, कचऱ्यात टाकू नका.

---

अर्धविराम

मी याला कदाचित चालेल म्हणालो असतो. बरं झालं आधी काकांनी लिहिलं.

---

रानवारा

ठीक आहे, काढून बाल्कनीतल्या फरशीवर ठेवली आहे, टोकांना पट्टी लावून. उद्या देऊन येते.

बॅग मात्र वापरणार, बाकी चांगली आहे. नवी बॅटरी घेणार असले तर कडक कवचाचीच घेईन, तीही पोकळीत बसली तर. तोवर रिकामीच नेईन. पण मग गेटवर पोर्ट दिसणारच, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारणार. आत काही नाही हे पटवायचं कसं?

---

कार्गोकाका

झाकण काढूनच टाका आणि वायरचं सुटं टोक चेनबाहेर दिसेल असं ठेवा. विचारलं की पाकीट उचलायचं, चेन उघडायची, रिकामी पोकळी दाखवायची. पन्नास सेकंदांचा सराव झालाच आहे, यावेळी वीसच लागतील. काउंटरवर बॅग देत असाल तर विचारायच्या आधीच दाखवा. मागच्या एक्स-रेत ती वायर आणि पोर्ट दिसतातच, आणि तिथे शंका आली तर बॅग बाजूला काढून तुम्हाला शोधत बसतात.

---

माऊची_आई

वायरच्या सुट्या टोकालाही पट्टी लावायची का काका?

---

कार्गोकाका

बॅटरी नसेल तर त्या टोकात वीज नसते, गरज नाही. पण नवी बॅटरी बसवायची असेल तर टोक वाकू नये म्हणून लावलेली बरी.